छातीला न कळता घशाशी

शाळेची प्रार्थना संपते, हजेरीचे पुस्तक उघडते आणि पहिले नाव घेण्याआधी बाई घसा खाकरतात. चार-पाच नावे होतात, पुन्हा एकदा खाकरणे. मुलांना त्याची इतकी सवय झाली आहे की जिन्यातून तो आवाज आला की वर्ग आपोआप शांत होतो. तिसऱ्या तासापर्यंत आवाज खरखरीत होतो, पाचव्या तासाला फळ्याकडे तोंड करून बोललेले शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. घशात काहीतरी चिकटल्यासारखे वाटते, पण कितीही खाकरले तरी बाहेर काही पडत नाही. सकाळी उठल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला आंबट चव असते.

या बाई म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे येणाऱ्या अनेक रुग्णांच्या तक्रारी एकत्र करून हे उदाहरण घेतले आहे. वय 44, सातवी-आठवीचे मराठीचे तास, तंबाखू किंवा सिगारेट कधीच नाही. तीन महिन्यांत त्यांच्या दोन प्रतिजैविकांच्या गोळ्या, एक ॲलर्जीची गोळी आणि खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या आहेत. घशाच्या तज्ज्ञाने पित्ताबद्दल विचारले तेव्हा त्यांनी लगेच मान हलवली. "नाही हो डॉक्टर, मला पित्ताचा त्रास नाही. छातीत कधी जळजळलंसुद्धा नाही."

त्यांचे उत्तर खरे आहे, आणि तरीही जठरातले काहीतरी वर घशापर्यंत येत असण्याची शक्यता त्यामुळे संपत नाही. या प्रकाराला वैद्यकात 'लॅरिंगोफॅरिंजियल रिफ्लक्स' म्हणतात. स्वरयंत्र आणि त्यामागच्या घशाच्या भागापर्यंत जठरातला ऐवज उलटा चढणे, असा त्याचा अर्थ. छातीत जळजळीची सूचना न देता हे घडते म्हणून 'सायलेंट रिफ्लक्स' हे सोपे नावही रूढ झाले आहे.

मराठीत 'पित्त' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. करपट ढेकर आली, डोके दुखले, मळमळले, सगळे पित्तच. यकृतातून येणारे खरे पित्त हिरवट-पिवळे आणि कडू असते. आंबट पाणी घशाशी येते ते बहुतेक वेळा जठराचे आम्ल असते. त्या आम्लाबरोबर आणखी एक पदार्थ वर येतो आणि घशाच्या दुखण्यात त्याचे नाव आम्लाइतकेच महत्त्वाचे आहे. तो म्हणजे पेप्सिन.

पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर. डाळ, अंडे, मटण यांतली प्रथिने तोडण्याचे काम ते करते. जठराच्या भिंतीतल्या पेशी ते निष्क्रिय रूपात सोडतात आणि जठरातल्या तीव्र आम्लात ते जागे होते. पीएच 2 च्या आसपास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. आम्लता कमी होत गेली की ते मंदावते, साधारण साडेसहाच्या पुढे निपचित पडते. निपचित पडते, पण मरत नाही, हा यातला महत्त्वाचा भाग. अमेरिकेतल्या निकी जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवले की पीएच 7 ला, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही अशा द्रावणात, शरीराच्या तापमानाला चोवीस तास ठेवलेले पेप्सिन पुन्हा आम्ल मिळताच बऱ्याच अंशी कामाला लागते. पीएच 8 च्या वर गेल्यावर मात्र ते कायमचे निकामी होते. स्वरयंत्राच्या पेशी हे पेप्सिन आत ओढून घेतात, असेही याच संशोधनातून दिसले.

शिक्षिकेच्या घशात याचा अर्थ काय होतो, ते पाहू. रात्री जेवणानंतर थोडासा ऐवज, कधी नुसता वाफेसारखा ओलसर फवारा, वर येतो. त्यातले आम्ल लाळेने धुतले जाते, पण पेप्सिन घशाच्या अस्तराला चिकटून राहू शकते. सकाळी घसा मोकळा व्हावा म्हणून बाई कोमट पाण्यात लिंबू पिळून मध घालून घेतात. झोपलेल्या पेप्सिनला हे आम्ल जागे करू शकते. आम्ल वरूनच आलेले असते, जठरातून काही चढण्याची गरजही उरत नाही.

आता प्रश्न उरतो, छातीला हे का कळत नाही?

अन्ननलिका ही साधारण 25 सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी, एक झडपेसारखा स्नायू असतो आणि वरच्या टोकाला, घशाच्या तळाशी, दुसरा. खालची झडप अधूनमधून थोडा वेळ सैल पडते. पोटातली हवा ढेकरेवाटे बाहेर पडते ती अशीच. निरोगी माणसातही दिवसभरात 40 वेळांपर्यंत थोडाफार ऐवज अन्ननलिकेत येणे सामान्य धरले जाते. अन्ननलिकेचे अस्तर जाड आणि अनेक पदरी असते, वर आलेले ती आकुंचनाच्या लाटेने लगेच खाली ढकलते आणि गिळलेली लाळ उरलेले आम्ल शमवते. आलेला ऐवज कमी असेल आणि फार वेळ थांबला नसेल, तर छातीला त्याचा पत्ता लागत नाही.

घशाचे तसे नाही. स्वरयंत्राचे अस्तर श्वासनलिकेच्या जातीचे, नाजूक. त्याच्या बऱ्याच भागावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि ते कफाचा पातळ थर सतत पुढे सरकवत राहतात. वर आलेले आम्ल खाली ढकलणारी लाट इथे नसते. अन्ननलिकेला जे सहज सोसते, तेच थोड्या प्रमाणात इथे दाह करू शकते. स्वरयंत्राची मागची बाजू तर अन्ननलिकेच्या तोंडाला खेटूनच असते, म्हणून वर आलेला ऐवज आधी तिथेच पोचतो.

पेप्सिनने ते सूक्ष्म तंतू मंदावले की कफ पुढे सरकत नाही, घट्ट होतो आणि स्वरयंत्राच्या मागच्या कोपऱ्यात रेंगाळतो. 'काहीतरी चिकटलंय' हे वाटते ते यामुळे. शिवाय अस्तर सुजले असेल तर ती सूजच कफासारखी जाणवते. खाकरल्यावर काही बाहेर पडत नाही, कारण बाहेर पडण्यासारखे तिथे फारसे काही नसतेच.

दुसराही एक मार्ग आहे. अन्ननलिकेचा खालचा भाग आणि घसा या दोन्हींना व्हेगस या एकाच चेतातंतूच्या शाखा जातात. आम्ल घशापर्यंत न चढता खालीच टेकले तरी त्या चेतातंतूवाटे खोकल्याची किंवा खाकरण्याची प्रतिक्रिया उमटू शकते. आणि घशाच्या नसा एकदा अतिसंवेदनशील झाल्या की नंतर बोलणे, हसणे, एसीची थंड हवा, अगदी उदबत्तीचा धूरही खाकरायला पुरतो.

खाकरणे ही स्वतःच एक इजा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. बोलताना बाईंचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांना हलके स्पर्श करतात. खाकरताना ते जोराने एकमेकांवर आपटतात. आपटल्याने सूज वाढते, सूज वाढली की कफ अडकल्यासारखे वाटते आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. जठरातून येणारा त्रास थांबल्यावरही हे चक्र स्वतःच्या बळावर चालू राहू शकते. म्हणून गोळ्या घेऊनही 'घसा तसाच आहे' असे सांगणारे रुग्ण पुष्कळ भेटतात.

आवाजाच्या तक्रारींशी उलट चढणाऱ्या आम्लाचा संबंध ठळकपणे मांडला तो अमेरिकी स्वरयंत्रतज्ज्ञ जेमी कॉफमन यांच्या 1991 मधल्या प्रबंधाने. त्यात 225 रुग्णांची नोंद होती. अन्ननलिका आणि घशात बारीक नळी ठेवून चोवीस तास पीएच मोजण्याची पद्धत त्यात वापरली होती. या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी लोकांना छातीत जळजळ होत होती. पुढे 2002 मध्ये पीटर बेलाफस्की, ग्रेगरी पोस्टमा आणि कॉफमन यांनी नऊ प्रश्नांची एक छोटी यादी तयार केली. तिला 'रिफ्लक्स सिम्प्टम इंडेक्स' म्हणतात आणि आजही अनेक दवाखान्यांत ती भरून घेतली जाते.

प्रत्येक प्रश्नाला 0 ते 5 गुण. 0 म्हणजे त्रास नाही, 5 म्हणजे फार त्रास. शिक्षिकेची यादी अशी भरली जाईल. आवाज बसणे 4. घसा खाकरणे 5. घशात किंवा नाकामागून कफ येणे 4. गिळताना अडखळणे 1. जेवल्यानंतर किंवा आडवे झाल्यावर खोकला 3. श्वास कोंडणे 0. त्रासदायक खोकला 2. घशात गोळा असल्यासारखे वाटणे 3. छातीत जळजळ, अपचन किंवा आम्ल वर येणे या शेवटच्या प्रश्नाला त्या 0 देतात, कारण तोंडातली आंबट चव त्यांनी पित्तात धरलेलीच नाही. बेरीज 22. ही बेरीज 13 च्या वर गेली तर रिफ्लक्सचा संशय घ्यावा, असे यादी तयार करणाऱ्यांचे म्हणणे.

संशय घ्यावा, निदान करू नये. यादीतले बहुतेक प्रश्न घशाच्या कोणत्याही दुखण्यात 'हो' असेच उत्तर मिळवतील. धुळीची ॲलर्जी, नाकामागून गळणारा कफ, वर्गात रोज ओरडून स्वरतंतूंवर आलेल्या गाठी, दम्याच्या पंपातल्या स्टेरॉइडने घशात झालेली बुरशी, थायरॉइड कमी पडणे, रक्तदाबासाठीच्या रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला, यांपैकी कशानेही गुण 13 च्या वर जाऊ शकतात. आंबट चवीलासुद्धा कोरडे तोंड, हिरड्यांचा आजार किंवा एखादे औषध कारण असू शकते.

म्हणून पहिली पायरी यादी नव्हे, घसा डोळ्यांनी पाहणे. 1854 मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. आता नाकपुडीतून जाणारी बारीक लवचीक दुर्बीण काही मिनिटांत ते काम करते. नाकात सुन्न करणारा फवारा मारतात, रुग्ण खुर्चीत बसलेला असतो, 'ई' म्हणायला सांगतात आणि पडद्यावर दोन पांढुरके पट्टे मिटताना-उघडताना दिसतात. अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र पाहायलाच हवे, आणि ते न पाहता नुसत्या बसलेल्या आवाजासाठी पित्तशामक गोळ्या सुरू करू नयेत.

आपल्याकडे हा नियम आणखी कडक पाळायला हवा. तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी यांपैकी काहीही चालू असेल किंवा पूर्वी चालू असेल, तर तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज हे पित्त समजून घरी बसण्याचे कारण होऊ शकत नाही. स्वरतंतूवरचा कर्करोग सुरुवातीला फक्त आवाज बसवतो. त्या टप्प्यावर सापडला तर बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. गिळताना दुखणे, घास अडकणे, थुंकीत रक्त, एकाच कानात दुखणे, मानेला गाठ, कारण नसताना वजन उतरणे किंवा श्वास घेताना घरघर, यांपैकी काही दिसले तर चार आठवडेही थांबू नये.

शिक्षिकेच्या घशात दुर्बिणीने गाठ दिसली नाही. स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला थोडी लाली आणि सूज होती, स्वरतंतूंवर चिकट कफाचे धागे होते. इथेही सावध राहावे लागते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घशाची कोणतीही तक्रार नसलेल्या 105 निरोगी लोकांचे स्वरयंत्र पाहिले. त्यांच्यापैकी 86 टक्के लोकांत रिफ्लक्सची म्हणून ओळखली जाणारी किमान एक खूण सापडली. मागच्या बाजूची लाली सतत बोलण्याने, खाकरण्याने, धुराने किंवा ॲलर्जीनेही येते. दुर्बीण वाईट आजार नाही हे भरवशाने सांगू शकते. हे रिफ्लक्समुळेच आहे, हे ती एकटी सांगू शकत नाही.

रिफ्लक्स खरोखर होतो का, हे मोजायचे असेल तर चोवीस तासांची पीएच आणि इंपिडन्स तपासणी आहे. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत ठेवतात, कमरेला छोटे यंत्र लावतात आणि रुग्ण घरी जाऊन जेवतो, झोपतो, काम करतो. आम्ल किती वेळा आले, किती वर चढले, आम्ल नसलेला ऐवज किंवा वायू आला का, हे सगळे नोंदले जाते. तपासणी खर्चीक आहे, थोडी गैरसोयीची आहे आणि मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांतच होते. तरी अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांचा कल तिच्याकडेच आहे. छातीत जळजळ नसून फक्त घशाच्या तक्रारी असतील, तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांआधी तपासणी करावी, असे त्या म्हणतात.

एवढा आग्रह का, याचे उत्तर ब्रिटनमधल्या एका चाचणीत आहे. घशाच्या अशाच तक्रारी असलेल्या 346 रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला लॅन्सोप्राझोल 30 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 16 आठवडे. दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही माहीत नव्हते. 2021 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी 22.0 वरून 17.4 वर आले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे 21.7 वरून 15.6 वर. दोन्ही गटांना बरे वाटले, पण औषधाचा म्हणून वेगळा फायदा दिसला नाही.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल या गोळ्या जठरातले आम्ल कमी करतात. ऐवज वर चढणे त्या थांबवत नाहीत. झडप सैल पडायची तशीच पडते, फक्त वर येणारे कमी आंबट असते आणि त्यात पेप्सिन असतेच. शिवाय त्या रुग्णांपैकी काहींना रिफ्लक्स नव्हताच, दुसरेच काही होते, असेही असू शकते. ज्यांना छातीत जळजळही होते त्यांना या गोळ्यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. घ्यायच्याच असतील तर जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्याव्यात, कारण आम्ल तयार करणारे पंप जेवणाने सुरू होतात आणि गोळी चालू पंपालाच बंद करते. जेवण झाल्यावर गोळी तोंडात टाकण्याची आपली सवय तिचा बराच परिणाम वाया घालवते. काही महिने रोज घेतलेली गोळी एकदम बंद केली तर काही आठवडे आम्ल उलट उसळून वाढते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते.

समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट हा वेगळ्या तऱ्हेचा उपाय. जेवणानंतर घेतले की जठरातल्या ऐवजावर जेलीसारखा थर तरंगतो. वर चढायचेच झाले तर आधी तो थर येतो आणि आम्ल, पेप्सिन त्याच्याखाली राहते. त्यात सोडियम असते, तेव्हा रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी विचारूनच घ्यावे.

शिक्षिकेच्या बाबतीत डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी तिचा दिवस विचारला. रात्रीचे जेवण साडेनऊला, कारण घरातले सगळे तेव्हाच एकत्र येतात. सव्वादहाला अंथरूण. दोघांच्या मधे पाऊण तास. भरलेले पोट आडवे झाले की जठरातला ऐवज थेट झडपेशी येऊन थांबतो, आणि झोपेत गिळणे जवळजवळ बंद होते, लाळही कमी होते, म्हणून चढलेले धुतले जात नाही. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर असावे, हा या दुखण्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड सल्ला आहे. बाईंनी त्यातून अशी वाट काढली की शाळेतून आल्यावर साडेसातला वरण-भात किंवा भाकरी-भाजी खायची आणि साडेनऊला बाकीच्यांच्या पानाशी नुसते बसायचे. एकत्र बसणे सुटले नाही, फक्त ताट हलले.

पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून तो भाग 15 ते 20 सेंटिमीटर उचलला. उशीवर उशी ठेवून हे साधत नाही. त्याने मान आणि पोट दुमडते आणि पोटावर दाब वाढतो. गादी जमिनीवर असेल तर कमरेपासून डोक्यापर्यंत उतार देणारी पाचरीसारखी फोमची उशी चालते. डाव्या कुशीवर झोपणे फायद्याचे, कारण त्या स्थितीत झडप जठरातल्या ऐवजाच्या वर राहते आणि चढलेले आम्ल लवकर खाली उतरते.

साडी नेसताना परकराची नाडी त्या घट्ट ओढून बांधत आणि तशीच दिवसभर, जेवणानंतरही. कमरेभोवतीचा घट्ट पट्टा पोटातला दाब वाढवतो आणि आम्ल वर ढकलतो. पुरुषांच्या पट्ट्याचेही तेच. नाडी दोन बोटे सैल झाली, एवढाच बदल.

मग आले घशासाठीचे घरगुती उपाय, आणि इथे बाई चकित झाल्या. लिंबू-मध बंद, कोमट पाणी नुसतेच. खिशात कायम असलेल्या पुदिन्याच्या गोळ्या बंद, कारण पुदिना घशाला थंडावा देतो पण जठराची झडप सैल करतो. जेवणानंतर पोट हलके व्हावे म्हणून घेतलेला लिंबू-सोडा बंद. त्यातल्या वायूमुळे ढेकर येते आणि बरे वाटते, पण त्याच ढेकरेबरोबर आम्लही वर जाते. कोकमाची सोलकढी पचनासाठी चांगली मानली जाते, पण ती आंबटच. घसा शांत होईपर्यंत काही आठवडे तीही बाजूला. चहा दिवसात सहाऐवजी दोन कप, तोही रिकाम्या पोटी नाही. तळलेले आणि तुपाने थबथबलेले रात्री नको, कारण स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ थांबतात. खडीसाखरेचा खडा मात्र चालला, मधुमेह नसल्यामुळे. चघळण्याने लाळ सुटते, लाळेत बायकार्बोनेट असते आणि गिळताना ती अन्ननलिका धुऊन नेते.

सगळ्यांत जास्त वेळ खाकरण्यावर गेला. आवाजोपचार तज्ज्ञाने सांगितलेली रीत सोपी आहे. खाकरावेसे वाटले की आधी पाण्याचा एक घोट. पाणी जवळ नसेल तर हनुवटी थोडी खाली घेऊन जोर लावून लाळ गिळायची. तरीही राहवले नाही तर आवाज न करता 'ह्ह' असा हवेचा झोत सोडायचा, म्हणजे कफ हलतो पण स्वरतंतू आपटत नाहीत. बाईंनी पहिल्या दिवशी हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर प्रत्येक खाकरण्याला एक रेघ मारली. चार तासांत 61 रेघा झाल्या. सवय किती आहे हे त्यांना त्या रेघांनी पहिल्यांदा दाखवले. टेबलावर पाण्याची बाटली आली, आणि मागच्या बाकांसाठी ओरडण्याऐवजी त्या वर्गात फिरत शिकवू लागल्या.

घशाला वेळ लागतो. अन्ननलिकेची जळजळ दोन आठवड्यांत उतरू शकते, स्वरयंत्राच्या सुजेला दोन-तीन महिने सहज लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बदलणे, डॉक्टर बदलणे, पुन्हा प्रतिजैविक घेणे ही नेहमीची चूक. आणि तीन महिने नीट पाळूनही काहीच फरक नसेल, तर गोळीची ताकद वाढवत राहण्यात अर्थ नाही. तेव्हा चोवीस तासांची तपासणी करून रिफ्लक्स आहे की नाही ते ठरवावे आणि नसेल तर ॲलर्जी, आवाजाचा चुकीचा वापर किंवा घशाच्या नसांची अतिसंवेदनशीलता यांकडे वळावे.

बारा आठवड्यांनी त्याच नऊ प्रश्नांना शिक्षिकेने पुन्हा गुण दिले. आवाज 2, खाकरणे 2, कफ 2, जेवल्यानंतरचा खोकला 1, इतर खोकला 1, घशातला गोळा 1, बाकी 0. बेरीज 9. शेवटच्या प्रश्नापाशी मात्र त्या थांबल्या. आम्ल वर येणे, याला पहिल्या वेळी त्यांनी 0 दिले होते. आता त्यांनी विचारले, "सकाळची ती आंबट चव, ती यातच धरायची ना?" डॉक्टरांनी होकार दिल्यावर त्यांनी जुना कागद मागून घेतला, 0 खोडून तिथे 3 लिहिले आणि बेरीज 25 केली.